नायलॉनच्या साखळीतला कंस

त्या उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने शून्य लिहिले, तेव्हा दुपारचे तीन वाजले असावेत. मे महिन्यातला शुक्रवार होता. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पंखा फिरत होता, पण वारा टेबलापर्यंत पोहोचत नव्हता. शून्य काढून झाल्यावर पेन क्षणभर कागदावरच थांबले, आणि त्या थांबण्याने शून्याच्या कडेला शाईचा एक फुगीर ठिपका उमटला. तो ठिपका मला आजही दिसतो. माझ्या मनाने मला तेथे थांबवले होते. मी थांबलो नाही, पान उलटले.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट आहे. मी तेव्हा तिशीत नुकताच शिरलो होतो आणि रसायनशास्त्र शिकवत होतो. शहरातला एक छोटा ट्रस्ट दरवर्षी बारावी झालेल्या मुलांची एक परीक्षा घेत असे. जिल्ह्यातून जो कोणी पहिला येईल, त्याला आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ची तीन वर्षे फी माफ आणि वसतिगृहात जागा मिळे. जागा एकच. भौतिक, रसायन आणि गणित असे तीन पेपर असत, आणि रसायनाचा पेपर काढण्याचे व तपासण्याचे काम विभागप्रमुखांनी माझ्यावर सोपवले होते. मला त्या कामाचा अभिमान होता. मुले मला माझ्यामागे ‘पाव मार्कवाले सर’ म्हणत, कारण मी अर्ध्या मार्काचेही दोन भाग करीत असे. ही थट्टा मला ठाऊक होती आणि, खरे सांगायचे तर, आवडत होती.

त्या वर्षी पॉलिमरवर मी एक प्रश्न घातला होता. दोन जोड्या दिल्या होत्या; प्रत्येक जोडीपासून होणाऱ्या पॉलिमरचे रिपीटिंग युनिट, म्हणजे साखळीत पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कंसात काढायचा आणि प्रकार सांगायचा. पहिली जोडी होती ब्युटाडाईन आणि स्टायरिन. त्यांच्यापासून ब्युना-एस नावाचे कृत्रिम रबर होते. दुसरी होती दोन्ही टोकांना अमाइन गट असलेला सहा कार्बनचा रेणू आणि दोन्ही टोकांना आम्लगट असलेला सहा कार्बनचा रेणू. त्यांच्यापासून नायलॉन होते.

प्रश्नात मी एक सापळा ठेवला होता. बहुतेक मुलांची समजूत असते की मोनोमर, म्हणजे जोडले जाणारे मूळ रेणू, दोन प्रकारचे असले की पॉलिमर कंडेन्सेशन, म्हणजे संघनन, प्रकारचाच. ते खरे नाही. मोनोमर किती प्रकारचे आहेत हे पाहायचे नसते. जोडणी होताना काही बाहेर पडते का, हे पाहायचे असते. ब्युटाडाईन आणि स्टायरिन यांचे दुहेरी बंध उघडतात, रेणू एकमेकांना जोडले जातात, बाहेर काहीच पडत नाही. ब्युटाडाईनचे दोन्ही टोकांचे बंध उघडले की मधोमध एक नवा दुहेरी बंध उरतो, एवढेच. म्हणून ते ॲडिशन. नायलॉनमध्ये मात्र अमाइन आणि आम्ल यांची गाठ पडते त्या प्रत्येक ठिकाणी पाण्याचा एक रेणू निघून जातो. म्हणून ते कंडेन्सेशन.

सदतीस क्रमांकाच्या उत्तरपत्रिकेने हा सापळा ओळखला होता. ब्युना-एसपुढे स्वच्छ अक्षरात लिहिले होते की मोनोमर दोन असले तरी काही बाहेर पडत नाही, म्हणून ॲडिशन. मधला दुहेरी बंधही अचूक होता. मी पूर्ण गुण दिले, आणि मग नायलॉनकडे आलो.

पुस्तकात नायलॉनचा कंस नायट्रोजनपासून सुरू होतो. नायट्रोजन, सहा कार्बन, नायट्रोजन, मग कार्बोनिल (ऑक्सिजन जोडलेला कार्बन), चार कार्बन, कार्बोनिल, आणि कंस बंद. माझ्या नमुना उत्तरात तसेच होते, आणि चाळीस मुलांपैकी ज्यांना आले होते त्या सगळ्यांनी तसेच काढले होते. सदतीस क्रमांकाचा कंस सुरू झाला तो दोन कार्बनपासून. मग कार्बोनिल, नायट्रोजन, सहा कार्बन, नायट्रोजन, कार्बोनिल, आणि शेवटी पुन्हा दोन कार्बन. मी डावीकडून बोट ठेवून मोजले. पहिल्याच घराला बोट अडखळले. चारच्या जागी दोन. दोन गुणांची रचना मी आडवी खोडली, शून्य लिहिले, आणि प्रकार बरोबर सांगितल्याबद्दल एक गुण दिला.

शनिवारी तिन्ही पेपरांच्या बेरजा झाल्या. सदतीस क्रमांक एका गुणाने दुसरा आला. पहिला आलेला मुलगा, हे नंतर कळले, शहरातलाच होता. त्याने नायलॉन पुस्तकाबरहुकूम काढले होते आणि ब्युना-एसला कंडेन्सेशन म्हटले होते. त्याचे मी काही वाईट म्हणत नाही. तो आपल्या परीने अभ्यास करून आला होता. यादीवर मी आणि विभागप्रमुखांनी सह्या केल्या. पाकीट त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेले. सोमवारी दुपारी बारा वाजता ते ट्रस्टच्या चिटणिसांकडे द्यायचे होते.

सोमवारी सकाळी नापास झालेल्या मुलांचा जादा वर्ग होता. विषय योगायोगाने तोच. आमच्या त्या खोलीतल्या फळ्याचा डावा कोपरा सोलला होता, तेथे खडू उमटत नसे. मी नायलॉनची साखळी काढायला घेतली आणि ती फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मागच्या बाकावरून एकजण ओरडला, ‘‘सर, आता पन्हाळ्यापतोर नेताय व्हय? घाला की कंस!’’

वर्ग हसला. मीही हसलो आणि कंस घालायला वळलो. पहिला नायट्रोजन सोललेल्या कोपऱ्यात गेला होता, दिसतच नव्हता. तेव्हा मी पुढे सरकलो, आणि जेथे फळा चांगला होता तेथे, आम्लाच्या चार कार्बनच्या बरोबर मध्ये, कंस उघडला. तशीच पुढची मध्यरेषा शोधली आणि कंस मिटला. मुले वह्यांत उतरवू लागली. कोणी काही विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही नव्हते. एका तुकड्याच्या शेवटचे दोन कार्बन आणि पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीचे दोन कार्बन मिळून चार होत होते. साखळीत कोठेही, काहीही कमी नव्हते.

मी फळ्याकडे पाहत उभा राहिलो. माझ्या हातून निघालेले ते चित्र मी शुक्रवारी पाहिले होते, आणि खोडले होते.

साखळी अखंड असते. तिचा कंस कोठून उघडायचा हे काढणाऱ्यावर असते. अट एवढीच की तो तुकडा एकापुढे एक मांडत गेले की तीच साखळी उभी राहिली पाहिजे. हे मी वर्षानुवर्षे शिकवत होतो. तपासताना मात्र मी साखळी पाहिली नव्हती, पुस्तकाचे पान पाहिले होते.

तास संपायला वीस मिनिटे होती. ती मी कशी काढली हे आठवत नाही. घड्याळात साडेअकरा झाले होते एवढे आठवते. विभागप्रमुखांची खोली जिन्याच्या पलीकडे होती. पाकीट अजून ड्रॉवरमध्येच असणार होते. मला फक्त जाऊन सांगायचे होते की सर, माझी चूक झाली, दोन गुण वाढवायचे आहेत, पहिला क्रमांक बदलतो. जिन्यापाशी पोहोचेपर्यंत ते वाक्य मी मनात नीट जुळवले होते.

दार उघडले तर चिटणीस आधीच येऊन बसले होते. पाकीट टेबलावर होते.

‘‘या, या!’’ विभागप्रमुख मोठ्याने म्हणाले. ‘‘साहेब, हेच ते. रसायनाचा पेपर यांच्या हातात असला की आम्ही निर्धास्त. सख्ख्या भावाला पाव मार्क जास्त देणार नाहीत!’’

चिटणीस हसले. ‘‘म्हणजे वशिला चालायचा न्हाई म्हणा की.’’

‘‘नावच काढू नका.’’ विभागप्रमुख माझ्याकडे वळले. ‘‘बोला, काय काम काढलंत?’’

दोघेही माझ्याकडे प्रसन्नपणे पाहत होते. मी पाकिटाकडे पाहिले. वाक्य तयार होते. ते उच्चारले असते तर काय झाले असते, याचा मी नंतर शेकडो वेळा विचार केला आहे. थोडी शरम वाटली असती, चिटणिसांना चहाचा आणखी एक कप द्यावा लागला असता, आणि यादी नव्याने टंकलिखित झाली असती. बस.

‘‘काही नाही सर,’’ मी म्हणालो. ‘‘सहजच आलो होतो.’’

माझ्या डोळ्यांदेखत चिटणिसांनी पाकीट पिशवीत घातले.

त्यानंतरचे चार दिवस मी कशाची तरी वाट पाहत होतो. मी तेव्हा शिवाजी पेठेत भाड्याने राहत होतो. संध्याकाळी गल्लीत पोरे फुटबॉल खेळत, चेंडू भिंतीवर आदळला की मी दचकत असे. जेवताना घास हातात राही. कोणी येणार आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. पण येणार आहे याची खात्री होती. मी स्वतःची समजूत घालत होतो की पेपर निनावी होता, क्रमांकामागे कोण आहे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या माणसाचे आपण नुकसान केले असे म्हणता येत नाही. ही समजूत जिन्याच्या चार पायऱ्यांपलीकडे टिकत नसे.

शुक्रवारी ती आली. सोबत वडील होते. हुपरीचे. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडण्याचे काम घरीच करीत. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी त्या कामाने काळवंडली होती. मुलगी सतरा-अठराची, दोन वेण्या घातलेली, हातात चौकटीची वही. स्टाफरूममध्ये त्या वेळी मी एकटाच होतो.

‘‘नमस्कार, सर,’’ वडील दारातच थांबून म्हणाले. ‘‘भांडाय आलो न्हाई. यादी बघितली, दुसरी आली पोरगी. आता दुसरीला काय मिळत न्हाई, ते बी कळलं. पन ही ऐकंना. म्हनती, माझं चुकलं कुठं तेवढं इचारून येऊया.’’

‘‘उत्तरपत्रिका दाखवायचा नियम नाही,’’ मी म्हणालो.

‘‘दाखवू नका की. तोंडानं सांगा.’’

मुलीने वही उघडली. तिने घरी जाऊन सगळी उत्तरे पुन्हा लिहून काढली होती आणि पुस्तकाशी ताडून पाहिली होती. ‘‘सर, माझं सगळं जुळतंय,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘फक्त हे एक पुस्तकात वेगळं आहे.’’ आणि तिने ते चित्र माझ्यापुढे धरले. दोन कार्बन, कार्बोनिल, नायट्रोजन, सहा कार्बन, नायट्रोजन, कार्बोनिल, दोन कार्बन.

‘‘असा कंस का घातलास?’’ मी विचारले.

‘‘दोन्ही बाजू सारख्या आल्या म्हणून, सर. मला वाटलं, कुठूनही सुरुवात केली तरी चालते. पैंजणाची नक्षी कुठूनही मोजली तरी एक फेरा तेवढाच भरतो ना.’’

‘‘दिवसभर तेच तर करतोय आमी,’’ वडील कौतुकाने म्हणाले. ‘‘हिनं त्यात बी रसायन घुसवलंय.’’

‘‘बाबा, गप की,’’ ती लाजून म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. ‘‘सर, पुस्तकात कंस नायट्रोजनपासून सुरू होतो, त्याला काही कारण आहे का?’’

हीच ती वेळ होती. यादी लागून चारच दिवस झाले होते, प्रवेश अजून झाले नव्हते. एक अर्ज, माझी एक सही, आणि ट्रस्टला निर्णय बदलावा लागला असता. पण मग सोमवारचा प्रश्नही आला असता की तुम्हाला कधी कळले. तिच्या डोळ्यांत राग असता तर कदाचित मी खरे बोललो असतो. तेथे राग नव्हता, फक्त शिकण्याची तयारी होती. मी सांगेन ते ती मानणार होती, आणि हे मला कळत होते.

‘‘आहे,’’ मी म्हणालो. ‘‘अमाइनचा भाग आधी लिहायचा असा नियम आहे. तसा नसेल तर रचना चूक धरतात.’’

हे धडधडीत खोटे होते असेही म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच ते अधिक वाईट होते. पॉलिमरचे शास्त्रीय नाव ठरवताना नायट्रोजनच्या गटाला आधी मान देण्याचा संकेत आहे. पण प्रश्न नावाचा नव्हता, रचनेचा होता. आणि रचना म्हणून तिचा कंस माझ्या नमुना उत्तराइतकाच बरोबर होता. मी एका खऱ्या गोष्टीची कातडी काढून माझ्या खोट्यावर चढवली होती.

तिने मान हलवली. पेन काढले, आणि माझ्यासमोर वहीत लिहिले: ‘नियम: अमाइन आधी.’ खाली दोन रेघा ओढल्या. मग स्वतःचे बरोबर चित्र खोडले.

‘‘बघ, चुकलंच हुतं की,’’ वडील म्हणाले. त्यांच्या स्वरात सुटल्यासारखे काही होते; निदान अन्याय झाला नव्हता. ‘‘उपकार झाले, सर. न्हाईतर हिनं जलमभर डोकं खाल्लं असतं.’’

‘‘पुढे काय करणार?’’ मी विचारले.

‘‘हुपरीतच शिकंल की. बाहेर ठेवायचं तर जमंना. घरात हात कमीच पडत्यात.’’

ते गेले. जिन्यावरून त्यांच्या पायांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी खुर्चीतून उठलो नाही.

नंतरची आठ-नऊ वर्षे मी काय केले, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. तपासणीत मी दिलदार झालो. मुले मला चांगला परीक्षक म्हणू लागली, पाव मार्काची थट्टा विरली. प्रत्येक कंस मी कागदाच्या कोपऱ्यावर तीनदा मांडून पाही. याला मी प्रायश्चित्त समजत होतो. पण ज्यांचे मी काही बिघडवले नव्हते त्यांच्याशी चांगले वागणे सोपे असते. हुपरी कोल्हापुराहून एसटीने तासाभरावर आहे, आणि त्या बसमध्ये मी एकदाही चढलो नाही.

दोन हजार सालानंतर एका वर्षी आमच्याकडे प्रवेश घेतलेल्या तीन-चार मुलांकडून मला एक ओळखीचे वाक्य ऐकू आले. मी वर्गात सोपे काम दिले होते: टेरिलीनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा, कंस तीन वेगवेगळ्या जागी घालून दाखवा. ती मुले एकाच्या पुढे गेली नाहीत. कारण विचारले, तर एकजण ठामपणे म्हणाला, ‘‘सर, एकच कंस बरोबर असतो. नायलॉनला अमाइन आधी, न्हाईतर शून्य. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी लिहून दिलंय.’’

‘‘कोणत्या मॅडम?’’

‘‘हुपरीच्या. क्लास घेत्यात बारावीचा. लई कडक हायत.’’

तिच्या वहीतल्या दोन रेघांवरची ती ओळ किती हातांनी उतरवून घेतली असेल, याचा हिशोब मला करवेना.

पुढच्या रविवारी मी बसमध्ये चढलो.

क्लास एका लांबट खोलीत होता. शेजारच्या घरांतून चांदी ठोकण्याचा बारीक, सारखा आवाज येत होता. वीस-बावीस मुले सतरंजीवर बसली होती. तिच्या वेण्यांच्या जागी अंबाडा आला होता. तिने मला लगेच ओळखले.

‘‘सर! तुम्ही?’’ ती मुलांकडे वळली. ‘‘उठा रे. हे माझे सर. मी सांगते ना तुम्हाला, एका कंसानं माझी जागा गेली? तो नियम मला यांनीच सांगितला.’’

मुले उभी राहिली. बावीस चेहरे आदराने माझ्याकडे पाहत होते. बाहेर जाऊन तिच्याशी एकटीशी बोलावे असा मोह झाला. पण तो नियम एकटीकडे राहिलेला नव्हता.

मी खडू मागितला. फळ्यावर नायलॉनची साखळी काढली, चार तुकड्यांची. तिच्यात पुस्तकातला कंस घातला. त्याखाली दुसऱ्या जागी दुसरा. आणि शेवटी चार कार्बनच्या मधोमध, दोन्ही बाजू सारख्या येतील असा, तिचा. ‘‘हे तिन्ही बरोबर आहेत,’’ मी मुलांना म्हणालो. ‘‘अमाइन आधी हा नाव देण्याचा संकेत आहे, रचनेचा नियम नाही. मी खोटे सांगितले होते.’’

ती फळ्याकडे पाहत होती. तिची नजर दोन कार्बनपासून दोन कार्बनपर्यंत हळूहळू गेली, जशी वही धरून माझ्यापुढे उभी असताना गेली नव्हती. तेव्हा ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

‘‘म्हणजे माझं बरोबर होतं.’’

‘‘होय.’’

‘‘तुम्हाला नंतर कळलं का, सर?’’

तिने मला वाट मोकळी करून दिली होती. एवढ्या वर्षांनंतरही, आदराने.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तू आलीस त्या दिवशी मला ठाऊक होतं. त्याच्या चार दिवस आधीपासून ठाऊक होतं. तेव्हा यादी बदलता आली असती.’’

मी वाट पाहिली. रागाची, रडण्याची, निदान एका शब्दाची. तिने माझ्या हातातून खडू घेतला, मला स्पर्श होणार नाही असा, दोन बोटांनी. मग मुलांना म्हणाली, ‘‘बसा. पहिल्या पानावरचा नियम खोडा. वरच्या वर्गात गेलेल्या ज्यांना ज्यांना तुम्ही ओळखता, त्यांच्या घरी आज जाऊन सांगा. कोण कोणाकडे जाणार, हात वर करा.’’

हात वर होऊ लागले. ती नावे फळ्यावर लिहू लागली. मी दाराशी कितीतरी वेळ उभा होतो. तिने एकदाही वळून पाहिले नाही, आणि दाराजवळ बसलेल्या मुलाने, जागा हवी म्हणून, ‘सरका’ म्हटले, तेव्हा त्यानेही मला सर म्हटले नाही.